नाना, पावरची गोळी का दिली नाही ते सांगतो

नाना, नमस्कार.

काल रात्री तुमचा व्हॉइस मेसेज ऐकला. "डॉक्टर, मना खोकला काही जास नही. कफ पिवया येस. पावरनी गोयी द्या ना." मागून काकूंचा आवाजही आला, की रविवारी पुतणीची हळद आणि लग्न आहे, मांडवात खोकत बसणार का. मंगळवारी दवाखान्यातून जातानाच तुमचा चेहरा पाहिला होता. चोपड्यापर्यंत थंडीत मोटरसायकलवर आलात, नंबर लावून बसलात आणि हातात मिळालं काय, तर तापाच्या चार गोळ्या आणि "मध घ्या" एवढं. पावरची गोळी, म्हणजे अँटिबायोटिक, नाहीच. रांगेत अजून बरेच जण होते, म्हणून नीट बोलता आलं नाही. ते बोलणं मी तुमचं देणं लागत होतो, म्हणून आज सवडीने लिहितोय. मुलाकडून वाचून घेतलंत तरी चालेल.

आधी तुमचं दुखणं काय आहे ते सांगतो. तुम्हाला शुक्रवारी घसा खवखवायला लागला, शनिवारी नाक वाहिलं, अंग मोडून आलं आणि १०१ ताप आला. सोमवारी ताप उतरला, पण खोकला वाढला. मंगळवारी पाचव्या दिवशी तुम्ही माझ्यासमोर बसलात तेव्हा खोकला ओला होता आणि कफ पिवळा होता. सर्दीच्या विषाणूने नाकातून घशात आणि घशातून श्वासनळीच्या मोठ्या फांद्यांपर्यंत केलेला हा प्रवास आहे. त्या फांद्यांच्या आतलं अस्तर सुजलंय. याला आम्ही अक्यूट ब्राँकायटिस म्हणतो. नाव मोठं असलं तरी छातीत उतरलेली सर्दी एवढाच त्याचा अर्थ.

विषाणू आणि जीवाणू यातला फरक तुम्हाला दवाखान्यापेक्षा बांधावर लवकर कळेल. केळीवर करपा आला की तुम्ही बुरशीनाशक मारता आणि करपा थांबतो, कारण करपा ही बुरशी आहे. पण तुमच्या भागात ज्याला हरण्या म्हणतात तो सीएमव्ही नावाचा विषाणू बागेत शिरला, की कितीही भारी बुरशीनाशक आणलं तरी पान सुधारत नाही. झाड उपटून नष्ट करायचं आणि रोग पसरवणारा मावा आवरायचा, एवढंच हातात राहतं. औषध हलकं असतं असं नाही. ते ज्याच्यावर चालतं ती गोष्टच त्या झाडात नसते.

अँटिबायोटिकचंही तसंच आहे. तुम्ही जिला पावरची गोळी म्हणता ती ॲझिथ्रोमायसिन जीवाणूच्या आतलं प्रथिनं बनवण्याचं यंत्र बंद पाडते. ते बंद पडलं की जीवाणूची वाढ थांबते. सर्दीच्या विषाणूकडे असं स्वतःचं यंत्रच नसतं. तो तुमच्याच पेशीत शिरून तुमचंच यंत्र वापरतो, आणि आपल्या पेशीतलं यंत्र वेगळ्या घडणीचं असल्यामुळे ही गोळी त्याला धरत नाही. म्हणून ५०० ची घ्या नाहीतर हजाराची, विषाणूला तिचा पत्ताही लागत नाही. एक मोठा फरक मात्र तुमच्या बाजूचा आहे. केळीचं झाड हरण्याला बाहेर काढू शकत नाही. तुमचं शरीर सर्दीच्या विषाणूला आठ-दहा दिवसांत बाहेर काढतं.

"मग कफ पिवळा का?" हा तुमचा खरा प्रश्न आहे, आणि तो रास्त आहे. पिवळा म्हणजे पू, पू म्हणजे जंतू, असं आपण सगळेच ऐकत आलोय. मी शिकायला जायच्या आधी आमच्या घरीही हेच बोलायचे. खरी गोष्ट अशी, की श्वासनळी सुजली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे लढायला धावून येतात. त्यांच्या पोटात एक हिरवट रंगाचं रसायन असतं, आणि तो रंग त्यातल्या लोहामुळे येतो. पेशी तिथे फुटल्या की हे रसायन कफात मिसळतं. थोड्या पेशी असल्या तर कफ पिवळसर दिसतो, जास्त असल्या तर हिरवा. विषाणू असो की जीवाणू, पेशी दोघांसाठीही धावून येतात, त्यामुळे रंगावरून शत्रू कोण ते ओळखता येत नाही. सकाळी उठल्यावर कफ जास्त गडद असतो, कारण रात्रभर तो साचून राहिलेला असतो. तुम्हीही तेच सांगितलं होतं, की सकाळी पिवळा येतो आणि दुपारी पांढरट होतो.

रंग पाहून ठरवायचं नाही, तर मी काय पाहिलं? मंगळवारी मी तुमच्या पाठीवर हात ठेवून घड्याळाकडे पाहत गप्प बसलो होतो, तेव्हा तुमचे श्वास मोजत होतो. पूर्ण एक मिनिट मोजले, १६ भरले. नाडी ८२ होती, ताप नव्हता, आणि बोटाला लावलेल्या चिमट्यावर ऑक्सिजन ९८ दिसला. मग पाठीवर दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत नळी लावून ऐकलं. थोडी घरघर होती आणि तुम्ही खोकल्यावर ती जागा बदलायची, म्हणजे ती मोठ्या नळीतल्या कफाची होती. मला भीती असते ती न्यूमोनियाची. न्यूमोनियात जंतू नळीत थांबत नाही, फुप्फुसाच्या फुग्यांत उतरतो. मोठ्या माणसात ताप १००.४ च्या वर नसेल, नाडी १०० च्या आत असेल, श्वास मिनिटाला २४ च्या आत असतील आणि छातीत एकाच जागी वेगळा आवाज नसेल, तर न्यूमोनियाची शक्यता फार कमी राहते. तुमच्या चारही गोष्टी ठीक होत्या, म्हणून एक्स-रेसुद्धा काढायला लावला नाही.

तुमची बीपीची गोळी कोणती ते विचारलं, तेही उगाच नव्हतं. बीपीच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो आणि तो महिनोन्महिने जात नाही. तुमची गोळी त्यातली नाही.

न्यूमोनिया असता तर मी थांबलो नसतो. मागच्या पावसाळ्यात तुमच्या गल्लीतल्या एका आजींना आणलं होतं, तेव्हा तुम्हीच रिक्षात त्यांच्यासोबत होतात. ताप १०३, श्वास मिनिटाला ३२, आणि पाठीच्या उजव्या बाजूला खाली केस बोटांत चोळल्यासारखा बारीक आवाज. एक्स-रेत तिथेच पांढरा डाग होता. त्यांना त्याच तासाला अँटिबायोटिकचं इंजेक्शन सुरू केलं, आणि तिसऱ्या दिवशी त्या उठून बसल्या. त्या दिवशी त्याच औषधाने जीव वाचला. ते औषध उद्याही असंच चालावं म्हणून मी त्याला जपतो.

आता मागच्या वर्षीच्या तीन गोळ्यांचं बोलू, कारण तुमचा सगळा विश्वास तिथे बसलाय. तुम्ही सांगितलंत की मागच्या जानेवारीत असाच खोकला झाला होता, चिठ्ठी न घेता दुकानातून तीन गोळ्या आणल्या आणि तिसऱ्या गोळीनंतर बरं वाटलं. खोटं बोलताय असं मी मुळीच म्हणत नाही, तुम्हाला बरं वाटलंच होतं. फक्त दिवस मोजून बघा. गोळ्या तुम्ही पहिल्या दिवशी घेतल्या नाहीत. चार दिवस वाट पाहिली, पाचव्या दिवशी सहनशक्ती संपली तेव्हा आणल्या. पाचवा, सहावा आणि सातवा दिवस गोळ्यांचा, आणि आठव्या दिवशी बरं. सर्दी आठव्या दिवसाच्या आसपास आपोआपच उतरते. आभाळ भरून आलेलं असताना आदल्या रात्री लाईट आली म्हणून मोटार चालू केली, पहाटे पाऊस झाला आणि पीक तरारलं, तर श्रेय मोटारीला द्यायचं की पावसाला? दुखणं जेव्हा शिखरावर असतं तेव्हाच माणूस गोळी घेतो, आणि शिखरानंतर उतारच असतो. त्यामुळे त्या वेळी जे काही घेतलं असेल ते गुणकारी वाटतं.

बरं वाटलं तरी खोकला तेव्हा पूर्ण गेला नव्हता, हेही आठवून बघा. काकू मंगळवारी सहज बोलून गेल्या, की मागच्या वर्षी हे पंधरा दिवस तरी रात्री खोकायचे. छातीत उतरलेल्या सर्दीचा खोकला सरासरी १८ दिवस टिकतो. वेगवेगळ्या देशांतल्या रुग्णांचे दिवस मोजून हा आकडा आलाय. लोकांना विचारलं तर ते आठवडाभरात जायला हवा असं म्हणतात. आठवडा आणि अठरा दिवस यांच्या मधल्या या फटीतच बरंच अँटिबायोटिक विकलं जातं. विषाणू गेलेला असतो, पण सोललेलं अस्तर परत भरून यायला वेळ लागतो, आणि तोवर थंड हवा, धूळ किंवा चुलीचा धूर लागला की खोकल्याची उबळ येते. तुम्ही सध्या कपाशीची शेवटची वेचणी करताय, पहाटे केळीला पाणी द्यायला उठताय. अस्तराला विसावा मिळतोय कुठे?

खरं ते पूर्ण सांगायला हवं. अशा खोकल्यात अँटिबायोटिक देऊन आणि न देऊन तुलना केलेल्या चाचण्या झाल्या आहेत. औषध घेतलेल्यांचा खोकला सरासरी अर्धा दिवस लवकर थांबला. अठरा दिवसांतला अर्धा दिवस. त्या अर्ध्या दिवसासाठी द्यावी लागणारी किंमत बघितली, की तुम्ही स्वतःच हिशेब कराल.

काही किंमत तिथल्या तिथे द्यावी लागते. जुलाब लागतात, पोटात कळा येतात, तोंड येतं, अंगावर पुरळ उठतं. ॲझिथ्रोमायसिनने क्वचित हृदयाचे ठोकेही बिघडतात, विशेषतः आधीपासून हृदयाचा आजार असलेल्यांचे. पण मला जास्त काळजी आहे ती डोळ्यांना न दिसणाऱ्या किमतीची, आणि ती समजावायला गुलाबी बोंडअळीपेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

तुम्हाला २००२ आठवत असेल, बीटी कपाशी आली ते साल. २००६ ला दोन जनुकांची बीटी आली. त्या झाडाच्या प्रत्येक पेशीत अळी मारणारं विष तयार होत होतं. सुरुवातीची वर्षं सोन्यासारखी गेली, आमच्या वडिलांनी त्या पैशांतच विहीर बांधली. आणि मग २०१७ उजाडलं. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत गुलाबी अळी. तेच बियाणं, तेच विष, पण अळी मरत नव्हती. विष कमजोर झालेलं नव्हतं. लाखो अळ्यांमध्ये त्या विषाला दाद न देणाऱ्या मोजक्या अळ्या असतात. बाकीच्या मेल्या, या उरल्या, एकमेकींच्या पतंगांशी जुळल्या आणि शेत त्यांचंच झालं.

बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत नॉनबीटीची १२० ग्रॅमची छोटी पुडी यायची, ती तुम्ही काय करायचात? आम्ही तर फेकून द्यायचो, कारण बांधाला अळीचं खाद्य कोण लावणार. पण त्या पुडीचं काम मोठं होतं. नॉनबीटीच्या ओळींमध्ये विषाने मरणाऱ्या साध्या अळ्या जगल्या असत्या, त्यांचे पतंग त्या चिवट पतंगांशी जुळले असते, आणि चिवटपणा पातळ होत राहिला असता. साध्या अळ्या जिवंत ठेवणं हेच आपलं संरक्षण होतं.

तुमच्या आतड्यात, घशात, कातडीवर कोट्यवधी जीवाणू राहतात. त्यातले बहुतेक साधे असतात, औषधाने मरणारे. ते तुमची नॉनबीटीची ओळ आहेत. ते जागा धरून बसलेले असतात, म्हणून मोजके चिवट जीवाणू वाढू शकत नाहीत. तुम्ही खोकल्यासाठी गोळी गिळता तेव्हा ती छातीपुरती थांबत नाही, रक्तातून सगळीकडे जाते. ज्या विषाणूसाठी घेतली तो तसाच राहतो, आणि ज्यांचा काही गुन्हा नाही ते साधे जीवाणू मरतात. रिकाम्या जागेत चिवट वाढतात. बोंडअळीला न जमणारी एक गोष्टही जीवाणूंना जमते. ते आपला चिवटपणा शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जीवाणूला देऊ शकतात, जसा एखादा आपली किल्ली शेजाऱ्याच्या हातात देतो. अळीला त्यासाठी पुढची पिढी जन्माला घालावी लागते, यांना लागत नाही.

ॲझिथ्रोमायसिनची यात एक खास खोड आहे. गोळ्या तीनच दिवसांच्या म्हणून ती लोकांना सोयीची वाटते. पण ती शरीरातून फार सावकाश जाते. साधारण ६८ तासांनी रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं, पुढच्या ६८ तासांनी त्याच्या निम्म्यावर. म्हणजे गोळ्या संपल्यावरही आठवडाभरापेक्षा जास्त काळ ती थोडी थोडी रेंगाळते. मारायला अपुरी, पण चिवटांना निवडून काढायला पुरेशी. कृषी खात्याची माणसं दर वर्षी सांगतात, फरदड घेऊ नका, डिसेंबरनंतर कपाशी उपटा. त्यामागे हेही एक कारण आहे. म्हाताऱ्या झाडात विष कमी झालेलं असतं, आणि त्या कमी विषावर अळी जगायला शिकते. या गोळीची शेपूट म्हणजे तशी फरदडच. बेल्जियममध्ये निरोगी माणसांना हे औषध देऊन त्यांच्या घशातले जीवाणू तपासले होते, तो अभ्यास २००७ ला प्रसिद्ध झाला. तीन दिवसांच्या गोळ्यांनंतर सहा महिन्यांनीही त्यांच्या घशात चिवट जीवाणू न घेतलेल्यांपेक्षा जास्त होते. मागच्या जानेवारीतल्या तुमच्या तीन गोळ्यांचा हिशेब बहुधा पावसाळ्यापर्यंत चालू होता.

हे तुमच्या घराला कुठे भिडतं? टायफॉईडला. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की आपल्याकडे टायफॉईडचे रुग्ण येतातच. तो खरा जीवाणू आहे, आणि त्याला अँटिबायोटिक लागतंच. पूर्वी क्लोरॅम्फेनिकॉलने तो बरा व्हायचा, मग ते चालेनासं झालं. मग सिप्रो आलं. माझ्या आधीच्या डॉक्टरांनी सिप्रोवर हजारो रुग्ण बरे केले, आज भारतातल्या बहुतेक टायफॉईडच्या जंतूंवर ते भरवशाने चालत नाही. आता आमच्या हातात मुख्यतः सेफालोस्पोरिन, म्हणजे सेफ गटातली औषधं आहेत आणि तोंडाने घ्यायची ॲझिथ्रोमायसिन. हो, तुम्ही मागताय तीच. पाकिस्तानात सिंध प्रांतात २०१६ पासून असा टायफॉईड पसरला, की त्यावर सेफ गटातलं इंजेक्शनही चालत नाही. तिथे घरी राहून घ्यायची गोळी म्हणून ॲझिथ्रोमायसिनच उरली. तीही गेली, तर दहा वर्षांच्या पोराला टायफॉईडसाठी दवाखान्यात ठेवून महागडी सलाईनची इंजेक्शनं द्यावी लागतील. तुमचा नातू शाळेतल्या नळाचं पाणी पितो, नाना. ही गोळी मला त्याच्यासाठी शिल्लक हवी आहे.

अजून एक गोष्ट मेसेजमध्ये होती, की मी नाही दिली तर दुकानातून घेईन, आणि कपाटात लिव्हो या दुसऱ्या अँटिबायोटिकच्या मागच्या दोन गोळ्याही पडल्या आहेत. पट्टी हातात घेऊन बघा, तिच्यावर उभी लाल रेघ आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही अशी ती खूण आहे, २०१६ ला सरकारने तिच्यासाठी मोहीमही चालवली होती. लिव्होची भीती मला जास्त वाटते. तिचा क्षयाच्या जंतूवरही परिणाम होतो. क्षय असलेल्या माणसाने खोकल्यासाठी चार दिवस लिव्हो घेतली, की त्याला बरं वाटतं, थुंकीत जंतू सापडणं अवघड होतं, निदान काही आठवडे पुढे जातं आणि तोवर घरातल्या लेकरांना लागण होते. तुम्हाला क्षय आहे असं मला मुळीच वाटत नाही. पण त्या दोन गोळ्या मला आणून द्या, घरातल्या दुसऱ्या कुणीही त्या घेऊ नयेत.

आता रविवारपर्यंत काय करायचं ते सांगतो.

झोपताना एक चमचा मध कोमट पाण्यात किंवा तसाच चाटून घ्या. तुम्हाला शुगर नाही, म्हणून हे चालतं. रात्रीचा खोकला याने खरंच कमी होतो, मी समजूत काढायला सांगत नाही. धाकट्या नातीला मात्र चाटवू नका, ती अजून वर्षाची झाली नाही, आणि त्या वयात मधातून एक गंभीर विषबाधा होऊ शकते. घसा दुखला तर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करा. अंग दुखलं किंवा ताप आला तरच पॅरासिटामॉल ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर आणि दिवसाला चारच्या वर नाही. दुकानात मिळणारी सर्दीची मिश्र गोळी सोबत घेऊ नका. तिच्यातही पॅरासिटामॉल असतं म्हणून डोस दुप्पट होतो, शिवाय तिच्यातल्या नाक मोकळं करणाऱ्या औषधाने तुमचं बीपी चढेल आणि ॲलर्जीच्या औषधाने झोप येऊन मोटरसायकलवर धोका होईल. वाफ घ्यायची असेल तर पातेलं जमिनीवर नको, लेकरं फिरत असतात. दर हिवाळ्यात माझ्याकडे भाजलेली मुलं येतात.

पहाटेचं पाणी चार दिवस मुलाला देऊ द्या. वेचणीला गेलात तर नाका-तोंडाला उपरणं बांधा. आणि भरीत भाजायला काट्यांच्या धुरात बसू नका, भाजलेलं वांगं खायला हरकत नाही. लग्नात पंगतीला बसा, पहिले दोन दिवस नाक पुसलेल्या हाताने तुम्ही जितका आजार पसरवला असेल तितका आता पसरवत नाही. तरी खोकताना कोपरात खोका, आणि नवरीच्या आजीच्या शेजारी बसू नका. त्यांना दमा आहे.

हे सगळं तुमच्यासारख्या, एरवी धडधाकट असलेल्या माणसासाठी आहे. ज्यांना वर्षानुवर्षं बिडीने फुप्फुसाचा आजार झालाय, ज्यांची केमोथेरपी चालू आहे, जे फार म्हातारे आहेत, त्यांच्या पिवळ्या कफाचा हिशेब वेगळा असतो. तुमच्या भावाला बिडीचा दमा आहे, त्याचा कफ वाढून गडद झाला आणि धापही वाढली, तर त्याला कदाचित मी त्याच दिवशी अँटिबायोटिक देईन. हा मेसेज दाखवून त्याला घरी बसवू नका.

तुमच्या बाबतीत माझा अंदाज चुकला, तर तो असा कळेल. उतरलेला ताप पुन्हा चढला, बसल्या जागी धाप लागली, श्वास घेताना एकाच बाजूला टोचलं, कफात रक्त दिसलं किंवा बोलताना गोंधळ व्हायला लागला, तर लग्न असो की हळद, त्याच दिवशी या. दवाखाना बंद असेल तर मागच्या दाराची बेल वाजवा. सर्दी बरी होत आली आणि अचानक पुन्हा बिघडली, गालफड आणि कपाळ एका बाजूने ठणकायला लागलं, तरीही या. तो नाकाच्या पोकळीत जीवाणू शिरल्याचा इशारा असू शकतो, आणि तेव्हा मी स्वतः चिठ्ठी लिहीन. खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, म्हणजे पुढच्या शुक्रवारनंतरही तो चालू असेल, तर सकाळची थुंकी सरकारी दवाखान्यात तपासायला देऊ. ती तपासणी फुकट होते. बहुतेक वेळा काही निघत नाही आणि खोकला तिसऱ्या आठवड्यात विरतो, पण आपल्या भागात ती करून घेतलेली बरी.

सोमवारी सकाळी मी दहाला बसतो. तुम्ही नंबर न लावता सरळ आत या, मी पुन्हा पाठ ऐकतो आणि श्वास मोजतो, त्याचे पैसे नाहीत. येताना त्या दोन लिव्होच्या गोळ्या घेऊन या, आणि लग्नातलं मांडे-खीर उरलं तर तेही.